टेम्प्लेटमधील रंग ब्रँड किटने बदलताना: फोटोवरच्या ओव्हरलेचा अनुभव

डिझाइनच्या कामात नव्याने आलेल्या व्यक्तीकडे बहुधा पहिले काम येते ते असे की, कॅनव्हासारख्या ऑनलाइन साधनातील एखादे तयार टेम्प्लेट घ्यायचे आणि ते ग्राहकाच्या रंगांत बसवून द्यायचे. ब्रँड किटमध्ये, म्हणजे साधनात साठवलेल्या ग्राहकाच्या रंगसंचात, रंग आधीच भरलेले असल्यामुळे हे काम एका क्लिकचे वाटते, आणि सपाट रंगांच्या चौकटींपुरते ते खरेही असते. मात्र ज्या पानांवर फोटो आहे आणि फोटोवर रंगाची अर्धपारदर्शक पट्टी, म्हणजे ओव्हरले, आहे तिथे हा हिशेब चुकतो. माझ्याकडे आलेल्या एका सादरीकरणाचे उदाहरण घेऊन ते सविस्तर सांगतो.

टेम्प्लेटचा मुख्य रंग गडद निळा, हेक्स कोडमध्ये #1D3557, होता. ग्राहकाच्या किटमध्ये गडद हिरवा #0B5D4B, गेरूच्या जवळ जाणारा पिवळा #E9A13B, फिकट मलई रंग आणि जवळजवळ काळा असे चार रंग होते. किटमधील सगळे रंग एकदम लावण्याची सोय अशा साधनांत असते, पण कोणता रंग कुठे जावा हे ते साधन ठरवते, आणि त्याला शीर्षक कोणते व सजावटीची रेघ कोणती याची जाण नसते. म्हणून मी ती सोय केवळ अंदाज घेण्यासाठी वापरतो. प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी टेम्प्लेटमधील प्रत्येक रंगाचे काम काय आहे ते लिहून काढतो: हा पार्श्वभूमीचा, हा मजकुराचा, हा लक्ष वेधण्याचा, हा ओव्हरलेचा. मग त्या कामाला किटमधील कोणता रंग योग्य ते ठरवतो.

यानंतर एखादा घटक निवडून त्याचा रंग बदलला की रंगांच्या पट्टीत खाली `Change all` हे बटण दिसते आणि ते दाबल्यावर जुना रंग सगळ्या पानांवर बदलतो. इथे क्रमाला महत्त्व आहे. किटमधील जो रंग आपण आणणार आहोत तोच टेम्प्लेटमध्ये आधीपासून दुसऱ्या कामासाठी वापरलेला असेल, तर पहिल्या बदलानंतर दोन्ही गट एकाच रंगाचे होतात आणि पुढच्या `Change all` मध्ये दोन्ही एकत्रच बदलतात. अशा वेळी आधीचा गट तात्पुरता भडक गुलाबी #FF00FF करून ठेवावा आणि शेवटी त्याला त्याचा खरा रंग द्यावा. हा रंग कोठे राहून गेला तर तो नजरेतून सुटत नाही. त्याचप्रमाणे टेम्प्लेट बनवणाऱ्याने कधी #1D3557 तर कधी #1E3658 वापरलेला असतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण साधनाच्या दृष्टीने ते वेगळे रंग आहेत आणि दुसरा तसाच मागे राहतो. काम झाल्यावर डिझाइनमध्ये वापरलेल्या रंगांची यादी उघडून पाहिली की असे उरलेले रंग लगेच सापडतात.

आता ओव्हरले. प्रथम त्याचा प्रकार ओळखावा लागतो. फोटो बाजूला ओढून पाहावा: रंगाची छटा जागेवरच राहिली तर ती फोटोवर ठेवलेली वेगळी आकृती आहे आणि तिचा रंग इतर घटकांप्रमाणे बदलता येतो. छटा फोटोबरोबर सरकली तर ती एक तर फोटोला लावलेला, सगळा फोटो दोनच रंगांत दाखवणाऱ्या ड्युओटोनसारखा इफेक्ट असते किंवा फोटोतच मुरलेली असते. इफेक्ट काढता येतो. मुरलेल्या छटेवर मात्र दुसरा फोटो घेणे हाच मार्ग उरतो, कारण तिच्यावर नवा ओव्हरले चढवला की दोन रंगांचा मळकट मिलाफ होतो.

आकृती वेगळी असल्यास तिच्या अपारदर्शकतेचा आकडा पाहावा. साधनात त्या स्लायडरचे नाव पारदर्शकता असे असले तरी १०० म्हणजे पूर्ण अपारदर्शक आणि ० म्हणजे अदृश्य, हे नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. माझ्या टेम्प्लेटमध्ये हा आकडा ६० होता. ओव्हरलेचा निळा बदलून किटमधील गडद हिरवा आणला तरी आकडा तसाच राहतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पडद्यावर दिसणारा रंग हा ६० टक्के ओव्हरलेचा आणि ४० टक्के फोटोचा असतो. फोटोतील अगदी पांढऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ खिडकीच्या उजेडात, पांढऱ्याचा लाल घटक २५५ आणि #0B5D4B या हिरव्याचा ११ आहे, म्हणून तिथे लाल घटक ०.६ × ११ + ०.४ × २५५, म्हणजे सुमारे १०९ येतो. हिरवा व निळा घटकही असेच काढले तर रंग #6D9E93 मिळतो. त्यावर पांढऱ्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, सुमारे ३.० भरतो. जुन्या निळ्यावर, त्याच ठिकाणी आणि त्याच ६० वर, तो ३.७ होता. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला किमान ३ कॉन्ट्रास्ट लागतो. मोठे शीर्षक निळ्यावर आरामात वाचता येत होते. हिरव्यावर ते सीमारेषेवर आले आणि त्याखालची बारीक ओळ आणखी विरली.

उपाय आकडा वाढवण्याचा आहे, पण किती, हे पाहूनच ठरवावे. ७५ वर कॉन्ट्रास्ट सुमारे ४.३ होतो, म्हणजे थोडक्यात हुकतो. ८० वर ४.८ मिळतो. फोटोतील उजळ जागा मजकुराखाली येत नसेल तर इतके झाकण्याची गरज नाही. फोटो अधूनमधून बदलणार असेल, तर मात्र पांढऱ्या ठिकाणाचा हिशेब धरून ८० ठेवणेच बरे.

गेरूच्या पिवळ्याचा ओव्हरले लावण्याचा आग्रह ग्राहकाने धरला होता. या रंगावर पांढऱ्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट आकडा १०० केला तरी २.२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे स्लायडर कितीही सरकवला तरी प्रश्न सुटत नाही. तिथे मजकूर गडद करावा लागतो, आणि तपासणीची दिशाही उलटते: पांढऱ्या मजकुरासाठी फोटोतील सर्वांत उजळ जागा तपासायची, तर गडद मजकुरासाठी सर्वांत काळोखी. गडद केस किंवा सावली मजकुराच्या मागे आली की तो तिथेच बुडतो.

ड्रॉपरने ओव्हरलेवरचा रंग उचलून तो ब्रँड किटमध्ये जमा करण्याचा मोह टाळावा. ड्रॉपर मिश्रणाचा रंग देतो, म्हणजे #0B5D4B ऐवजी #6D9E93, आणि मग तो फिका हिरवा शीर्षकांत व बटणांत पसरत जातो. हेक्स कोड नेहमी ग्राहकाच्या मूळ यादीतूनच घ्यावा.

ओव्हरलेमुळे चेहरे झाकले जाण्याची तक्रार आली, तर सपाट पट्टीऐवजी ग्रेडियंट वापरावा: मजकुराच्या बाजूला ८० आणि चेहऱ्याकडे उतरत ०. ग्रेडियंटमध्ये दोन टोकांचे रंग वेगळे नोंदलेले असतात. ० वर असलेले टोक दिसत नसल्यामुळे त्यात जुना निळा किंवा पांढरा तसाच राहिलेला असू शकतो, आणि मग मधल्या भागात धुरकट पट्टा दिसतो. दोन्ही टोकांना तोच हिरवा कोड दिला की तो पट्टा जातो.