या चुका टाळा: ढीग पॅकिंगपाशी, अडचण दुसरीकडेच

ऑर्डरी वेळेत निघत नसल्या की सगळ्यांचं बोट पॅकिंगकडे जातं, कारण ढीग तिथेच दिसतो. मसाले आणि लोणची ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या गोदामात हेच झालं. रोज 260 ऑर्डरी यायच्या, निघायच्या 210. मालकांनी तीन पॅकर्सचे पाच केले. आठवडाभराने मोजलं, तरी 210च.

पहिली चूक इथेच झाली होती. ढीग किती मोठा आहे हे पाहिलं, पण तो कशासाठी थांबलाय हे कुणी विचारलं नाही. दुपारी बारा वाजता आम्ही टेबलाशेजारचे ट्रे एकेक करून पाहिले. 64 ट्रे होते आणि त्यातल्या 51 ट्रेमध्ये बिल आणि लेबलच नव्हतं. माल काढून झाला होता, पॅकर हात बांधून उभे होते. म्हणजे ढीग पॅकिंगसमोर असला, तरी वाट पाहत होता बिलाची.

बिलं काढणारी ताई एकच. तासाला 60 लेबलं निघत, म्हणून कागदावर आठ तासांची 480 धरली होती. ही दुसरी चूक. दिवसभर तिच्याजवळ बसल्यावर कळलं की प्रत्यक्ष छपाई जेमतेम साडेतीन तास होते. बाकी वेळ ग्राहकांचे फोन, चुकलेले पिनकोड आणि जेवणाची सुट्टी. साडेतीन गुणिले साठ, बरोबर 210. एलियाहू गोल्डरॅट यांच्या थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्सचं म्हणणं हेच आहे: सगळ्या साखळीचा वेग तिची सर्वांत कमकुवत कडी ठरवते.

अशा वेळी दुसरा प्रिंटर घ्यायची घाई होते. त्याआधी आहे त्या जागेचा वाया जाणारा वेळ वाचवायचा. फोन दुसऱ्याकडे दिले, पिनकोड आधीच तपासायला लावले, जेवणाच्या वेळी बदली माणूस बसवला. छपाई पाच तास चालू लागली, म्हणजे 300 लेबलं. खर्च शून्य.

माल काढणाऱ्यांनाही आवर घालावा लागला. टेबलापाशी 40 ट्रे झाले की नवीन माल काढायचा नाही. त्यांना हे पटायला वेळ लागला, कारण रिकामं बसणं म्हणजे कामचुकारपणा असं त्यांना वाटायचं. पण बिल नसलेले ट्रे वाढवून एकही पार्सल जास्त जात नव्हतं, उलट शोधाशोध वाढत होती.

यानंतरची चूक मात्र सुधारणा झाल्यावर होते: जुन्याच जागी नजर ठेवायची. एक पॅकर तासाला 12 पार्सलं करतो. तिघे साडेसात तासांत 270 करतात, म्हणजे 260 ऑर्डरींना पुरतात. वाढवलेले दोघे आधीचा साचलेला माल निघेपर्यंत ठेवले आणि मग दुसऱ्या कामाला लावले. दिवाळीत ऑर्डरी 290 वर गेल्या, तर छपाई पुरेल आणि पॅकिंग अडेल. दोघांना परत टेबलावर आणायची वेळ तेव्हाची.