वर्गातून ट्रेनिंग विभागाकडे: अर्जाचं पत्र लिहिण्याआधी

शाळेतलं शिकवणं सोडून कंपनीच्या ट्रेनिंग विभागात जायचं असेल, तर पत्र लिहायला बसण्याआधी जाहिरातीची छापील प्रत घ्या आणि तिच्यातल्या फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. सत्रं घेणं, बॅच सांभाळणं असं असेल तर त्यांना ट्रेनर हवा आहे. विषयतज्ज्ञाकडून माहिती काढणं, स्टोरीबोर्ड म्हणजे धड्याचा स्लाइडवार आराखडा लिहिणं, चाचणी बनवणं असेल तर इन्स्ट्रक्शनल डिझायनर हवा आहे, आणि त्याला महिनोन्‌महिने लोकांसमोर उभं राहावं लागेलच असं नाही. दोन्हींसाठी एकच पत्र पाठवू नका.

माझी मावसबहीण बडोद्यात दांडिया बाजारात राहते. 11 वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, मग एका औषध कंपनीची डिझायनरची जाहिरात पाहिली. तिच्या पहिल्या पत्राची सुरुवात होती उत्तम संवादकौशल्य, संयम आणि मुलांची आवड. मी म्हटलं, "ताई, औषधाच्या कारखान्यात मुलांची आवड घेऊन काय करणार?" दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तुम्हीही काढा. पाठटाचणं, घटक चाचण्यांचे संविधान तक्ते, गुणांच्या नोंदी, सगळं समोर हवं. त्यातून एकच प्रसंग निवडायचा, ज्यात चूक काय होती, ती कशामुळे होती, तुम्ही काय बनवलं आणि नंतर काय बदललं, या चारही गोष्टींना कागदाचा आधार आहे. पाच प्रसंग अर्धे-अर्धे सांगण्यापेक्षा हा एक पुरतो.

ताईला सापडला मोजपात्राचा प्रसंग. 42 मुलांपैकी 27 जणांनी पाण्याचं माप चुकीचं लिहिलं होतं. पुन्हा शिकवण्याऐवजी तिने उत्तरं ओळीने पाहिली, तर जवळजवळ सगळ्यांची मापं खऱ्यापेक्षा जास्त होती. म्हणजे आकडेमोड ठीक होती, डोळा चुकीच्या जागी होता. मोजपात्र टेबलावर आणि मुलं उभी, त्यामुळे वरून पाहिलं जात होतं. तिने एका पानाचं चित्रपत्रक केलं: खाली वाका, डोळा पाण्याच्या रेषेत आणा, खोलगट भागाचा तळ वाचा. ते टेबलाशेजारी चिकटवलं. तीन आठवड्यांनी, न सांगता घेतलेल्या प्रात्यक्षिकात 9 जण चुकले.

आता हाच प्रसंग कंपनीच्या बोलीत आणा. उत्तरं तपासून कारण शोधणं म्हणजे गरज-विश्लेषण. टेबलाशेजारचं पत्रक म्हणजे जॉब एड, काम करता करता पाहायची मदत. संविधान तक्ता म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती प्रश्न याचा आराखडा, आणि तो बी.एड. केलेल्याला झोपेतही जमतो. डिझायनर तेच करतो. उद्दिष्टाचं वाक्य मात्र बदलावं लागतं. टाचणात "विद्यार्थ्यांना आकारमान मोजण्याची माहिती होते" चालतं, इथे चालत नाही. इथे कृती, परिस्थिती आणि निकष तिन्ही हवेत: "100 मिलीचं मोजपात्र दिल्यावर, पत्रक न पाहता, सलग पाच मापं एका मिलीच्या आत वाचेल." पत्राच्या मधल्या परिच्छेदात असं एक वाक्य असलं की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस कामाचा आहे.

फुगवू मात्र नका. पालकसभेला "स्टेकहोल्डर मॅनेजमेंट" म्हटलेलं पत्र एचआरने शंभरदा वाचलेलं असतं. प्रशिक्षणाचा परिणाम कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांवर मोजतात: प्रतिक्रिया, शिकणं, कामावरचं वर्तन आणि संस्थेला झालेला फायदा. चाचणीचे गुण दुसऱ्या पातळीचे. न सांगता घेतलेलं प्रात्यक्षिक तिसरीच्या उंबरठ्यापर्यंत नेतं, पुढे नाही. शिवाय त्या तीन आठवड्यांत मुलांचा सरावही झाला होता, म्हणून ताईने "पत्रकामुळे" न लिहिता "पत्रकानंतर" लिहिलं. मोठ्या माणसांना शिकवलेलं नाही, हेही एका ओळीत सांगून टाकलं.

सोबत जोडायचा नमुना तीन-चार स्लाइडच्या स्टोरीबोर्डचा असावा: पडद्यावर काय दिसेल, ऐकू काय येईल, शिकणारा काय करेल आणि चुकला तर त्याला काय सांगायचं. शाळेचं साहित्य उचलू नका, नव्याने बनवा. मुलांची नावं असलेला कागद तर कुठेच जायला नको.

पत्र इंग्रजीतच जाणार, तरी मधला परिच्छेद आधी मराठीत लिहून घरात कुणाला तरी वाचून दाखवा. ताईचं वाचून काकूंनी विचारलं, "पण ती उरलेली नऊ?" मुलाखतीतही हाच प्रश्न आला. दोघांना चष्मा लागला होता, त्यांना पत्रकाचा उपयोगच नव्हता. सात जण मात्र टेबल बुटकं असल्याने वाकायला कंटाळत होते. ताईने मोजपात्रं भिंतीतल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवली. हे तिने पत्रात लिहिलंच नव्हतं, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्या फळीवर बोलणं झालं.