जोडप्याच्या समुपदेशनाचा रोल-प्ले: या चुका टाळा

दर वर्षी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला येतात आणि दर वर्षी त्यांच्या कुटुंबनियोजनाच्या रोल-प्लेच्या स्क्रिप्टमध्ये तेच रमेश आणि सुनीता असतात. सुनीताच्या मांडीवर बाहुली, रमेशच्या गळ्यात गमछा, सिस्टरच्या हातात फ्लिप चार्ट. सिस्टर "नमस्कार, बसा" म्हणते आणि तिथून बारा मिनिटं तिचाच आवाज. शेवटी सुनीता म्हणते, "हो सिस्टर, आम्ही नक्की वापरू." टाळ्या. नागपुरातल्या वस्त्यांमध्ये इतकी वर्षं फिरते आहे, पण "हो सिस्टर, नक्की" म्हणणारं जोडपं मला एकदाही भेटलं नाही. भेटलं तर मला काळजीच वाटेल.

पहिली चूक, आणि माझ्या डोक्यात जाणारी: विचारण्याआधी सांगणं. पुस्तकात पद्धती ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने स्क्रिप्टमध्ये येतात. निरोध, मग माला-एनच्या रोजच्या गोळ्या, मग छायाच्या आठवड्याच्या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी, शेवटी ऑपरेशन. सगळं बरोबर असतं आणि समोरच्या बाईला त्यातलं काय चालतं, हेच ठरलेलं नसतं.

उत्तर नागपुरातल्या एका केंद्राच्या व्हरांड्यात, लसीकरणाच्या दिवशी, आमच्या चार मुलींनी रोल-प्ले केला. बायका भरपूर, लेकरं रडतायत, पण मुलींचा आवाज खणखणीत. स्क्रिप्टमधल्या सुनीताचं बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं. सिस्टरने तिला माला-एनचं पाकीट हातात दिलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर एक गोळी असं ठासून सांगितलं. मी मागे हजेरीच्या वहीत मान घालून उभी होते. चूक माझ्या कानावर आली तोवर पुढच्या रांगेतली एक बाई उठून नर्सताईंकडे गेलीसुद्धा. "माहं पोट्टं दोन महिन्याचं आहे जी, मले तेच पाकीट द्या."

नर्सताई अनुभवी होत्या, त्यांनी दिलं नाही. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती देत नाहीत, कारण दूध कमी होऊ शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. मुलींना हे पाठ होतं. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर चौघींनी सांगितलं असतं. स्क्रिप्ट लिहिताना मात्र बाहुली मांडीवर फक्त शोभेला ठेवली होती, तिचं वय कुणी हिशोबात धरलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझा नियम आहे: स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर एकाही पद्धतीचं नाव आलं तर कागद परत.

पहिल्या पानावर फक्त प्रश्न. बाळ किती महिन्यांचं? फक्त अंगावर पितं की वरचं दूध, पाणी सुरू आहे? पाळी परत आली का? बाळंतपणानंतर संबंध आला का, शेवटचा कधी? पुढचं मूल हवं का, किती वर्षांनी? काही आजार, औषधं चालू आहेत का? आधी काही वापरलं होतं का, आणि सोडलं तर काहून? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्या उत्तरात बाईची सगळी भीती बाहेर येते.

हे प्रश्न घेऊन एक प्रसंग नीट चालवून बघू. बाळ तीन महिन्यांचं, पाळी आलेली नाही, पुढचं मूल तीन वर्षांनी हवं. मुली इथे खूश होऊन लिहितात, "अंगावर पाजते आहे म्हणजे सध्या काळजी नाही." थांबा. पाजण्यामुळे मिळणारं संरक्षण तीन अटींवर टिकतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी न आलेली, आणि बाळ दिवस-रात्र फक्त अंगावर पिणारं. तिन्ही एकाच वेळी हव्यात. म्हणून सिस्टरने रात्रीचं विचारायचं.

सिस्टर: रात्री किती वेळा पाजता?
ती: रात्री आत्याबाई बाटली देतात. पोट्टा लय रडते ना जी, मले झोप होत नाही.
सिस्टर: गाईचं दूध?
ती: हो. आता पंधरा दिवस झाले.

संपलं. तिसरी अट गेली. आता शेवटचा संबंध कधी आला ते विचारायचं. आपल्या गोष्टीत उत्तर आहे, "मागच्या आठवड्यात." म्हणजे दिवस राहिलेत का, हे आज खात्रीने सांगता येत नाही. लघवीची चाचणी करता येईल, पण इतक्यात ती निगेटिव्ह आली तरी विश्वास ठेवता येत नाही. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, ती वेळही टळली. तेव्हा सिस्टरने करायचं ते एवढंच: आज निरोधाची पाकिटं द्यायची, वापरायची पद्धत दोघांना दाखवायची, आणि तीन आठवड्यांनी परत बोलावून चाचणी करायची.

इथे मुलींचा चेहरा पडतो. "मॅम, मग रोल-प्ले पूर्ण कुठे झाला? पद्धत तर दिलीच नाही." पूर्ण झाला की! प्रत्यक्षात केंद्रावर पहिली भेट बऱ्याचदा अशीच संपते. पण आपल्या मुलींना पंधरा मिनिटांत निकाल हवा असतो, क्रिकेटच्या सामन्यासारखा.

दुसरी आवडती चूक: मुकी सुनीता. एकदा मी सुनीता झालेल्या मुलीला विचारलं, तू तालमीत काय करतेस? ती म्हणाली, "मॅम, मला वाक्यच नाही, फक्त मान हलवायची आहे." बाईच्या शरीरात जाणारी गोष्ट ठरते आहे आणि बाईला वाक्य नाही! आणि यात स्क्रिप्ट लिहिणाऱ्या सगळ्या मुलीच. रमेश बोलतो, सिस्टर रमेशला समजावते, रमेश ठरवतो. याच्या उलट दुसरा प्रकार म्हणजे सिस्टर रमेशला झापते, "तुम्हीच नसबंदी करून घ्या ना!" प्रेक्षक हसतात, आणि हॉलमधले चार पुरुष त्या विषयापासून कायमचे लांब जातात. नसबंदी ज्यांना पुढे मूल नकोच त्यांच्यासाठी आहे. तीन वर्षांनी मूल हवं म्हणणाऱ्या जोडप्यापुढे ती रेटणं हे समुपदेशन नव्हे.

माझी सवय अशी की स्क्रिप्टमध्ये रमेशला दोन मिनिटं बाहेर काढायचं. वजनकाट्यावर बाळाचं वजन करायला पाठवा, केसपेपर काढायला पाठवा, काहीही निमित्त चालेल. तो गेला की सिस्टरने आवाज खाली आणून विचारायचं, "तुम्हाला स्वतःला काय सोयीचं वाटतं?" तालमीत हे वाक्य आलं की सुनीता झालेली मुलगी आपोआप वेगळी बोलायला लागते.

ती: गोळ्या नको जी. घरात पाकीट दिसलं की आत्याबाई विचारतात.
सिस्टर: नवऱ्याला चालेल ना काही घेतलेलं?
ती: त्याले चालते. पण सांगायचं नाही म्हणते घरात.

या एका उत्तराने छायाच्या गोळ्या मागे पडल्या. तशा त्या पाजणाऱ्या आईला चालतात. पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, असं पाकीट घरात सांभाळावं लागतं. तांबी चालली असती, पण तिला "आत काही बसवायचं" नको आहे, आणि तिला पटवायला सिस्टर इथे बसलेली नाही. राहिलं अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांतून एकदा. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे चालतं. पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्यावरच.

आता तिसरी चूक: पाळीचं लपवणं. "काही त्रास होत नाही" हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढते. अंतरावर सुरुवातीला मधेमधे रक्त जातं, पुढे बऱ्याच जणींची पाळी बंद होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या डोसला येत नाही, आणि शेजारणींनाही सांगते की इंजेक्शनने घाण आत साठते. सिस्टरच्या तोंडी साधं वाक्य द्या: "पाळी आली नाही म्हणजे आत काही साठत नाही. गर्भपिशवीचं अस्तर तयारच कमी होतं, म्हणून बाहेर येत नाही." आणि सोबत हेही सांगा की बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. तीन वर्षांचं अंतर हवं असलेल्या जोडप्याला याने अडत नाही. सहा महिन्यांत मूल हवं असलेलीला हे लपवलं तर ती तुम्हाला शोधत येईल.

बारीकसारीक चुका: "गर्भनिरोधक साधनांचा अवलंब करावा" असं कोणी बोलत नाही. निरोध दाखवताना हसू येत असेल तर ते तालमीतच हसून संपवा. आणि तर्री पोह्यांचा हात पुसलेला चार्ट केंद्रावर आणू नका, बाप्पा.

शेवटची चूक "काही वाटलं तर या" ही. स्क्रिप्टमध्ये तारीख लिहा. समजा पहिली भेट ३ मार्चला झाली. तीन आठवड्यांनी २४ मार्चला चाचणी निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं. पाळी आलेली नाही म्हणून पुढचे सात दिवस निरोध चालू ठेवायचा. टोचलेल्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही. पुढचा डोस २४ जूनला. लग्नकार्याला गावी जायचं असेल तर दोन आठवडे आधी, म्हणजे १० जूनपासून मिळेल, आणि उशीर झालाच तर चार आठवड्यांपर्यंत, २२ जुलैपर्यंत चालेल. कार्डावर मात्र २४ जूनच लिहायचं. उशिराची तारीख लिहून दिली तर लोक तीच खरी धरतात.

कार्ड कोणाच्या हातात द्यायचं, हेही स्क्रिप्टमध्ये लिहा. आपल्या सुनीताने मघाशी सांगितलंय की घरात दिसायला नको. तेव्हा सिस्टर विचारते, "हे कुठे ठेवाल?" आणि ती म्हणते, "पोट्ट्याच्या लसीच्या कार्डात."