उच्चार बरोबर, तरी समोरच्याला कळत नाही? इंग्रजी बोलताना आघाताच्या आणि हेलाच्या या चुका टाळा

गोरेगावच्या एका कार्यालयातून मँचेस्टरच्या ग्राहकाशी फोनवर बोलणं चालू आहे. ग्राहक विचारतो, ‘सो द सेकंड पेमेंट फेल्ड?’ त्याची समजूत चुकीची आहे. दुसरं पेमेंट व्यवस्थित गेलंय, अडकलंय ते पहिलं. इकडची मुलगी उत्तर देते, ‘नो, द फर्स्ट पेमेंट फेल्ड.’ व्याकरण अचूक, एकेक शब्द स्पष्ट. तरीही पलीकडून येतं, ‘येस, आय नो इट फेल्ड. बट व्हाय?’ आणि पुढची पाच मिनिटं दोघं दोन वेगवेगळ्या पेमेंटबद्दल बोलत राहतात.

मी मुंबईत नोकरदारांना इंग्रजी संभाषण शिकवतो. अशी गडबड झाली की बहुतेक जण आपल्या उच्चारांवर संशय घेतात आणि व्ही, डब्ल्यू, झेड घोटत बसतात. इथे दोष उच्चारात नाही. तिने ‘फर्स्ट’, ‘पेमेंट’ आणि ‘फेल्ड’ या तिन्ही शब्दांवर सारखाच जोर दिला आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी आवाज थोडा वर नेला. ब्रिटिश कान अशा वेळी बहुधा शेवटच्या ठळक शब्दालाच नवी बातमी समजतो. म्हणून त्याला ऐकू आलं ते ‘फेल्ड’. ‘फर्स्ट’ त्याच्या कानावर पडला, पण मनात ठसला नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: प्रत्येक शब्दाला सारखा मान

इंग्रजीत साधारण एका दमात बोलल्या जाणाऱ्या तुकड्यात एकच अक्षर राजा असतं. मुख्य आघात त्याच्यावर येतो. तो कुठे द्यायचा हे व्याकरण ठरवत नाही, समोरच्याला आधीपासून काय माहीत आहे यावर ते ठरतं. काहीच विशेष नसेल तर तो शेवटच्या अर्थपूर्ण शब्दावर पडतो. एखादी गोष्ट नवी असेल किंवा खोडून काढायची असेल, तर तो तिथे सरकतो आणि त्याच्या पुढचं सगळं खाली, सपाट आवाजात जातं.

मराठीत आपण हे दिवसभर करतो, फक्त आपल्याकडे त्यासाठी जास्त साधनं आहेत. एक ‘च’ लावला की काम होतं. शब्दांची जागा बदलता येते, महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या अगदी आधी आणता येतो, माहीत असलेली गोष्ट क्रियापदाच्या मागे टाकता येते. इंग्रजीत शब्दांचा क्रम बराचसा बांधलेला असतो आणि ‘च’ला जोडीदार नाही. त्यामुळे हा सगळा भार आवाजावर येतो. शाळेत धडा मोठ्याने वाचताना लागलेली वळणं घेऊन आपण इंग्रजी बोलतो, तेव्हा नेमकं हेच काम राहून जातं.

एक वाक्य घ्या: ‘आय सेंट द फाईल टू नेहा ऑन फ्रायडे.’ आता वेगवेगळ्या शंकांना उत्तर म्हणून ते आधी मराठीत म्हणा.

कुणी म्हणालं की फाईल अमितने पाठवली, तर तुम्ही म्हणाल, ‘नाही, मीच पाठवली.’ इंग्रजीत ‘आय’वर आघात देऊन: ‘आय सेंट द फाईल टू नेहा ऑन फ्रायडे.’

कुणी म्हणालं की फाईल रश्मीला गेली, तर ‘नाही, नेहालाच पाठवली.’ इंग्रजीत ‘नेहा’वर आघात देऊन: ‘आय सेंट द फाईल टू नेहा ऑन फ्रायडे.’ इथे ‘ऑन फ्रायडे’ दबक्या, सपाट आवाजात जायला हवं. खरी कसोटी इथेच लागते. ‘नेहा’वर आवाज छान चढतो, पण सवयीने ‘फ्रायडे’वर पुन्हा एक चढ येतो आणि आधीचा आघात पुसला जातो.

कुणी म्हणालं की फाईल पोचलीच नाही, तुम्ही पाठवलीच नसेल, तर ‘अहो, पाठवली होती मी.’ इंग्रजीत इथे ‘डिड’ येतो आणि आघात त्याच्यावर: ‘आय डिड सेंड इट.’

म्हणजे युक्ती एवढीच: बोलण्याआधी क्षणभर मनात मराठी वाक्य आणा, ‘च’ कुठे लागतो किंवा आवाज कुठे उचलला जातो ते पाहा आणि इंग्रजी वाक्यात त्याच अर्थाच्या शब्दावर आघात द्या. वर्गात ही युक्ती जितकी लवकर लागू पडते, तितकं दुसरं काही नाही, कारण ही जाण विद्यार्थ्यांकडे आधीपासूनच असते.

उलट्या बाजूचीही चूक होते. कुणी विचारलं, ‘वुड यू लाइक सम कॉफी?’ आणि तुम्ही ‘कॉफी’वर आघात देऊन म्हणालात, ‘आय डोन्ट लाइक कॉफी’, तर ऐकणाऱ्याला वाटतं की कॉफी नको, पण दुसरं काहीतरी चालेल, आणि तो चहाचं विचारतो. कॉफीचा विषय त्यानेच काढलाय, तेव्हा तो शब्द जुना झाला. आघात ‘लाइक’ या क्रियापदावर हवा: ‘आय डोन्ट लाइक कॉफी.’ मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मला आवडतच नाही कॉफी.’ जुना शब्द मागे गेला आणि ‘च’ क्रियापदाला लागला.

आघात म्हणजे जोरात बोलणं नव्हे, हे इथेच सांगायला हवं. नुसता आवाज मोठा केला तर समोरच्याला तुम्ही चिडलात असं वाटतं. तीन गोष्टी एकत्र होतात: त्या अक्षराचा स्वर लांबतो, सूर त्यावर ठळकपणे हलतो (बहुतेक विधानांत उंच जाऊन तिथेच खाली उतरायला लागतो) आणि आवाज थोडासा वाढतो. यात लांबी आणि सूर महत्त्वाचे, मोठेपणा सगळ्यात कमी. वरच्या पेमेंटच्या वाक्यात ‘फर्स्ट’मधला स्वर सावकाश ताणा, सूर त्यावरच उंच नेऊन खाली सोडा आणि ‘पेमेंट फेल्ड’ त्याच खालच्या पातळीवर घाई न करता संपवा.

चूक होतेय हे ओळखायचं कसं? समोरचा माणूस तुम्ही गृहीत धरलेल्या शब्दाबद्दल प्रश्न विचारू लागला की समजावं, आघात चुकीच्या जागी पडला. घरी तपासायचं असेल तर वाक्य फोनवर रेकॉर्ड करा, मग तेच वाक्य तोंड मिटून नुसतं गुणगुणा आणि तेही रेकॉर्ड करा. गुणगुणण्यात एकच डोंगर ऐकू आला पाहिजे. शब्दागणिक छोट्या छोट्या टेकड्या ऐकू आल्या, तर जुनी सवय अजून आहे. डोळ्यांनी पाहायचं असेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं प्राट हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. त्यात आवाजाची उंची निळ्या रेषेने दिसते आणि टेकड्या मोजता येतात.

‘कॅन’ म्हणालात, ‘कान्ट’ ऐकू आलं

ही चूक छोटी, पण पैशांच्या आणि तारखांच्या बोलण्यात घातक. ‘आय कॅन सेंड इट टुडे’ यातला ‘कॅन’ आपण पूर्ण आणि ठसठशीत म्हणतो. अमेरिकन बोलण्यात ‘कान्ट’ हा ‘कॅन्ट’ होतो आणि त्यातला शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा नीट ऐकूच येत नाही. मग तो माणूस फरक ओळखतो तो आघातावरून: जोर असेल तर नकार, जोर नसेल तर होकार. तुमचा ठसठशीत ‘कॅन’ त्याला नकार वाटू शकतो.

उपाय मराठी कानाला सोपा आहे, कारण ‘कमळ’मधल्या ‘क’चा ‘अ’ आपल्याकडे आहेच. होकारात ‘कन’ म्हणा, अगदी चटकन, आणि आघात पुढच्या क्रियापदावर द्या: ‘आय कन सेंड इट टुडे.’ नकारात ‘कॅन्ट’ लांबवा. एक अपवाद लक्षात ठेवा: वाक्याच्या शेवटी ‘कॅन’ पूर्णच म्हणायचा. ‘येस, आय कॅन.’

पलीकडे जपानी किंवा जर्मन माणूस असेल तर हा बारीक ‘कन’ त्याच्याही कानातून निसटू शकतो. तिथे नकारासाठी सरळ ‘कॅनॉट’ म्हणावं.

वाक्याचं शेपूट: उतरवायचं की चढवायचं?

जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅन्टीनमधली एक गोष्ट नोंदवली आहे. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उर्मट आहेत अशी तक्रार होती. त्या फार बोलतही नसत. मांस घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का, हे ब्रिटिश वाढपिणी एकाच शब्दात, आवाज वर नेत विचारत: ‘ग्रेव्ही?’ या बायकाही तोच शब्द म्हणत, पण आवाज खाली आणत. त्यांच्या मनात तो प्रश्नच होता. घेणाऱ्याला मात्र ते ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू येई. दोन्ही बाजूंना ध्वनिफिती ऐकवल्यावर फरक लक्षात आला.

आपल्याकडे प्रश्नाचं काम ‘का’ करतो: ‘चहा घेणार का?’ ‘का’ असला की सूर उतरला तरी चालतं, कुणाला वाईट वाटत नाही. इंग्रजीत एका शब्दाचा प्रश्न, सुचवणं किंवा खात्री करून घेणं असेल, तर शेवट वर न्या: ‘टी?’, ‘थ्री ओ’क्लॉक?’ याउलट ‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘व्हेन’ने सुरू होणारे प्रश्न सहसा खाली उतरूनच संपतात.

सादरीकरणात याची उलट बाजू दिसते. प्रत्येक मुद्द्याचा शेवट वर ठेवला की ऐकणारा पुढचं येईल म्हणून थांबून राहतो आणि मधेच ‘गो ऑन’ म्हणतो. यादी सांगताना शेवटचा मुद्दा सोडून बाकीचे वर, शेवटचा खाली, एवढं सांभाळलं तरी पुरे.

आधी काय सुधारायचं

ब्रिटिश भाषाभ्यासक जेनिफर जेनकिन्स यांनी 2000 साली एक यादी मांडली: वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपापसात इंग्रजी बोलतात, तेव्हा एकमेकांना समजण्यासाठी कोणत्या गोष्टी सांभाळायलाच हव्यात. त्यात मुख्य आघाताची जागा आहे. ‘कन’सारखी बारीक रूपं, सुराचे बारकावे आणि इंग्रजांसारखी लय त्या यादीत नाही. माझा क्रमही हाच. सिंगापूरशी, लागोसशी किंवा अंधेरीतल्या सहकाऱ्याशी बोलताना आपली भारतीय लय चालते, तिला हात लावायची गरज नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाशी रोजचं काम असेल तर ‘कन’ आणि शेवटचा चढ-उतार यांवरही थोडा वेळ घाला.

शब्दांतर्गत आघात, म्हणजे ‘होटेल’, ‘इव्हेंट’, ‘डिव्हेलप’ असे, शब्दकोशात बघून सुधारता येतात. तेवढ्यासाठी शिकवणी लावू नका. मुख्य आघाताचा सराव मात्र दुसऱ्या माणसाबरोबरच करावा, कारण त्यासाठी कुणीतरी खरोखर चुकीचं समजून घ्यावं लागतं. एकाने मुद्दाम चुकीचा तपशील विचारायचा, दुसऱ्याने तो खोडून काढायचा. विचारणाऱ्याला कुठला तपशील दुरुस्त झाला हे कागद न पाहता सांगता आलं, तर आघात जागेवर पडला. नाही सांगता आलं, तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, पुढचा भाग आणखी खाली दाबून.