घर विकलं, ३१ जुलैच्या आत काय काय हाताशी हवं

मावशीचं राजारामपुरीतलं घर १२ सप्टेंबर २०२५ ला विकलं. खरेदीखताची नोंदणी झाली त्याच संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तीन तारखा लिहिल्या: १२ मार्च २०२६ बाँडसाठी, ३१ जुलै २०२६ आयकर रिटर्नसाठी आणि १२ सप्टेंबर २०२८ नव्या घरासाठी. घर विकून झालेला नफा मुदतीत नव्या घरात किंवा ठरावीक बाँडमध्ये घातला की तेवढ्यावरचा कर वाचतो, म्हणून यादीतलं बाकी सगळं या तारखांना लटकलेलं आहे.

सगळ्यात आधी नफ्याचा आकडा काढा. घर विकलं ९५ लाखांना, दलाली गेली १ लाख, आणि २०१० साली घेतलं तेव्हा मुद्रांक शुल्क धरून २० लाख पडले होते. म्हणजे नफा ७४ लाख. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, यांतला जो कर कमी तो भरता येतो. आमच्या बाबतीत साडेबारा टक्क्यांनी सव्वानऊ लाख आणि दुसऱ्या वाटेनं त्याहून थोडे जास्त येत होते. या हिशेबाला जुनं खरेदीखत, विक्रीच्या नोंदणीचा उतारा म्हणजे सूची दोन, दलालीची पावती आणि घरात नंतर केलेल्या बांधकामाची बिलं लागतात. बिलं नसली तर तो खर्च सोडून द्यावा लागतो. मावशीनं वरची खोली बांधली तेव्हाची एकही पावती सापडली नाही. खरेदीदारानं कापलेला एक टक्का, म्हणजे ९५ हजार, आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात मावशीच्या नावे दिसतोय का तेही बघा.

आता वाटणी. मावशीला लहान फ्लॅट हवा होता. रुईकर कॉलनीजवळच्या इमारतीत मुद्रांक आणि नोंदणी धरून ४८ लाखांत बसत होता. उरलेले २६ लाख कलम ५४ईसीच्या बाँडमध्ये, आरईसी, पीएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे असतात त्यात. या बाँडची मर्यादा ५० लाख, व्याज सव्वापाच टक्के, तेही करपात्र. २६ लाखांवर वर्षाला १,३६,५०० रुपये येतात. पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, बाँड तारण ठेवून कर्ज घेतलं तर सवलत जाते. सहा महिन्यांची मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजतात, पैसे हातात आल्यापासून नाही. आम्ही फेब्रुवारीतच अर्ज दिला, कारण शेवटच्या आठवड्यात चेक वटायला उशीर झाला तर तक्रार ऐकायला कोणी नसतं.

खरी मेख फ्लॅटच्या पैशांत आहे. इमारत अजून बांधून व्हायची आहे, तयार घराला दोन वर्षं मिळतात, बांधकामाला तीन. जुलैपर्यंत मावशीचे बिल्डरला १० लाखच जाणार आहेत. उरलेले ३८ लाख रिटर्नच्या मुदतीआधी 'कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, १९८८' च्या खात्यात भरलेच पाहिजेत आणि त्या भरण्याचा पुरावा रिटर्नसोबत जपून ठेवला पाहिजे. इथे कोल्हापुरात एक घोटाळा हमखास होतो. आपली सवय सहकारी बँकेची नाहीतर पतसंस्थेची. आमच्याच एका काकांनी असेच ३० लाख साध्या मुदत ठेवीत ठेवले आणि 'घरासाठीच बाजूला ठेवलेत' असं सांगत राहिले. तेवढ्या रकमेची सवलत गेली. हे खातं अधिकृत बँकेच्या ठरावीक शाखांतच उघडतं आणि ग्रामीण शाखा त्यात येत नाहीत. म्हणून जुलैची वाट न बघता शाखेत जाऊन 'तुमच्याकडे ही योजना आहे का' असं थेट विचारा. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर मॅनेजरकडे जा.

प्रकार ए बचत खात्यासारखा, बी मुदत ठेवीसारखा. बिल्डरच्या मागण्या टप्प्याटप्प्यानं येणार म्हणून आम्ही सोयीनं थोडे ए मध्ये ठेवणार. काढताना फॉर्म सी, पुढच्या वेळी फॉर्म डी भरून आधीचे कुठे खर्चले ते सांगायचं. काढलेले पैसे ६० दिवसांत घरावरच लागले पाहिजेत, नाहीतर परत भरा.

नवं घर मावशीच्याच नावावर. 'मुलाच्या नावावर घे, नंतर कशाला त्रास' असा सल्ला तिला तिघांनी दिला होता. मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला मुंबई उच्च न्यायालयानं सवलत नाकारलेली आहे, म्हणून आम्ही तो विषयच काढून टाकला. नंतर मृत्युपत्र करता येईल.

बिल्डरची महारेरावरची ताब्याची तारीख मी कॅलेंडरवरच्या २०२८ च्या शेजारीच लिहिली आहे. मुदत संपल्यावर खात्यात जे उरेल त्यावर त्याच वर्षी भांडवली नफा म्हणून कर लागतो. खातं बंद करायला फॉर्म जी लागतो आणि त्यावर आयकर अधिकाऱ्याची सही हवी. ती चक्कर मी धरूनच चाललोय. तोवर सगळ्या पावत्या एकाच फाइलमध्ये, फाइल मावशीच्या कपाटात.