डोमेन डेव्हलपरच्या नावावर होतं, मेल आणि साइट एकदम बंद: काय केलं

ठाण्यात, नौपाड्यात आमचं केटरिंग आहे. एका सकाळी info@ वर येणारे मेल परत जाऊ लागले आणि साइटवर जाहिराती दिसू लागल्या. पासवर्ड बदलला, फोनवर खातं पुन्हा जोडलं, सगळं फुकट. डोकं फिरायची वेळ आली.

मेल आणि साइट एकदम गेली, की आधी डोमेन तपासा. lookup.icann.org वर आमच्या .com ची मुदत चक्क पुढच्या वर्षाची दिसत होती. त्यावर जाऊ नका. मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या .com नावांची नोंद ठेवणारी संस्था, आपोआप एक वर्ष वाढवते, पैसे न भरताही. खरी खूण म्हणजे `autoRenewPeriod` हे स्टेटस.

डोमेन ज्या कंपनीकडून घेतलं होतं, तिथलं खातं जुन्या डेव्हलपरचं होतं. आधी त्याच्याच खात्यातून रिन्यू करून घेतलं, वाद नंतर. मग डोमेनच्या मेलसाठी लागणाऱ्या MX आणि TXT नोंदींचे स्क्रीनशॉट काढले. त्याच कंपनीत आमचं खातं उघडून डोमेन तिकडे हलवून घेतलं. शेवटी रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा मालक म्हणून आमच्या फर्मचं नाव टाकलं. संपर्काला मात्र जीमेल दिला, कारण डोमेन बंद पडलं तर info@ वर रिन्यूअलची सूचना येणारच कशी? नाव बदलल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जायला बहुधा 60 दिवस थांबावं लागतं.