आधी मळ ओळखा, मग बाटली उघडा: घर घासताना या चुका टाळा

आमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी बोरिंग चालू होते आणि न्हाणीघरातली बादली पांढरी पडायला लागते. गेल्या दिवाळीआधी कामाच्या दीदीने ती बादली अर्धा तास भांड्यांच्या वडीने घासली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. "भाभी, ये मैल नहीं है, पत्थर है. नहीं निकलेगा." तिचं निदान अगदी बरोबर होतं, पण दगडाला साबण लावण्यात काही अर्थ नव्हता.

बहुतेक घरांत गडबड होते ती इथेच. मळ निघाला नाही की आपण जोर वाढवतो, नाहीतर आणखी "स्ट्राँग" बाटली आणतो. पण आम्ल, अल्कली आणि डिटर्जंट ही कमी-जास्त ताकदीची औषधं नव्हेत. तिघांची कामंच वेगळी आहेत.

चूक पहिली: क्षाराला साबण लावणं

बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी वाळलं किंवा तापलं की त्यातून कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं, म्हणजे खडूच. डिटर्जंट तेलाला धरतं, खडूला नाही. खडूला आम्लच लागतं, कारण आम्लाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन पाण्यात विरघळणारा क्षार आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. म्हणून लिंबाचा थेंब टाकला की बारीक फेस येतो. फेस आला तर तो खडू, एवढी परीक्षा पुरते.

आमच्या बादलीवर थेंब टाकला तर काठाजवळ फसफसलं, पण खाली, जिथे अंघोळीचा साबण उडतो तिथे, काहीच झालं नाही. तिथला थर नखाने खरवडला तर मेणासारखी वळी निघाली. ही साबणाची साय. साध्या साबणातली मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि न विरघळणारा चिकट थर बनतो. बोरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही तोही याच कारणाने.

तेव्हा बादलीवर दोन थर होते आणि उपायही दोन, पण एकामागून एक. सियागंजात "नींबू का सत" मागितलं की सायट्रिक ॲसिड मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात त्याचे दोन चहाचे चमचे विरघळवले, जुना पंचा त्यात भिजवून बादलीच्या आतून चिकटवला आणि अर्धा तास तसाच ठेवला. पंचा नुसता ओला करून लगेच पुसला तर उपयोग नाही, आम्लाला वेळ द्यावा लागतो. खडू विरघळला आणि साबणाच्या सायीतलं कॅल्शियम सुटलं. मागे उरली मेदाम्लं, हाताला बुळबुळीत, पाण्याने न जाणारी. आता पाळी डिटर्जंटची. बादली धुऊन भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी लावलं, तेव्हा ती गेली. क्रम उलटा केला असता तर डिटर्जंट वाया गेलं असतं, कारण सायीतलं कॅल्शियम तेव्हा सुटलेलंच नव्हतं.

साबणाची वडी आणि लिंबू एकत्र घासायची सवयही सोडा. आम्लाने साबण मोडतो आणि पुन्हा तीच मेदाम्लं भांड्याला चिकटतात.

चूक दुसरी: जुन्या तेलाला फक्त लिक्विड

ताजं तेल लिक्विडने जातं. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाचा थेंब वेढून त्याला पाण्यात तरंगत ठेवतात. कढईला, ताटाला, शर्टाच्या कॉलरला हे पुरतं.

पण एक्झॉस्ट फॅनवरचं तेल आता तेल राहिलेलं नसतं. फोडणीची वाफ पात्यांवर बसून हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू एकमेकांत गुंतते आणि पिवळट, चिकट वार्निश बनते. तिथे धुण्याचा सोडा लागतो. ही अल्कली तेलाच्या रेणूचा जोड तोडून त्याचा साबण बनवते, म्हणजे मळच थोडा साबण होऊन जातो. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा, त्यात सुटी केलेली प्लॅस्टिकची पाती पंधरा-वीस मिनिटं, मग लिक्विडचा हात. हातमोजे हवेतच, कारण हातावरचं तेलही तो तसाच खातो. मोटरला पाणी लागू देऊ नका.

खाण्याचा सोडा इथे फारसा कामाचा नाही. त्याचं पाणी जेमतेम अल्कली असतं, धुण्याचा सोडा कितीतरी तीव्र. हळदीने फरक बघता येतो. कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका, डाग विटकरी लाल होतो. पोह्याचा डाग साबण लावताच लाल होतो तोही असाच. लिंबू पिळलं की परत पिवळा. तेव्हा घाबरू नका, आणि तो गेला असंही समजू नका.

ॲल्युमिनियमला मात्र हा सोडा लावू नये. चिमणीची जाळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. सोड्यात टाकली की धातूतूनच बुडबुडे येतात आणि ती काळी पडते. तिच्यासाठी गरम पाणी आणि लिक्विड, आणि रात्रभर भिजवण्याचा धीर.

चूक तिसरी: सगळं एकत्र करणं

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोच: व्हिनेगर, वर खाण्याचा सोडा, फस्सकन फेस, आणि सिंक चकाचक. फेस बघायला छान, पण आम्ल आणि अल्कली तिथे एकमेकांना संपवतात. चहाचा एक चमचा सोडा जवळपास ९० मिलिलिटर व्हिनेगर खाऊन टाकतो. उरतं ते सोडियम ॲसिटेट, साधं खारट पाणी. फेसाच्या धक्क्याने थोडा सैल मळ हलतो इतकंच. हेच दोन पदार्थ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मळावर लावले तर दोन्ही कामाचे.

हे मिश्रण निदान निरुपद्रवी आहे. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच मात्र कधीच एकत्र आणू नका, एकामागून एक न धुता सुद्धा नको. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्याने ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसाला जाळतो. डोळे-घसा चुरचुरला की घासत बसू नका, आधी बाहेर या.

आणि माझी स्वतःची चूक

क्षार आम्लाने जातो हे मला ठाऊक होतं. बादली झाली म्हणून उत्साहात तेच पाणी मी व्हरांड्याच्या कोटा फरशीवरच्या पांढऱ्या डागांवर ओतलं. सुंदर फेस आला. डागावर आला आणि फरशीवरही आला. कारण कोटा म्हणजे चुनखडीच, तिच्यात आणि डागात तेच कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवराचंही तसंच. आम्लाला मळ कुठला आणि जमीन कुठली ते कळत नाही. पाणी ओतून धुवेपर्यंत त्या जागेची पॉलिश गेली होती आणि हाताला खरखर लागत होती. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, फरशी काय लोणच्यात घालायची होती?" तिथे आता कायमचं पायपुसणं असतं.